मराठीतून गुजरातीत, पण इंग्रजीमार्गे: भाषांतराच्या वाटेत काय गळतं?

फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये एका बाजूला मराठी निवडायची, दुसऱ्या बाजूला गुजराती निवडायची आणि बटण दाबायचं. दोन सेकंदांत उत्तर येतं. पाहणाऱ्याला वाटतं की मराठी वाक्य थेट गुजरातीत गेलं. पण बऱ्याचदा तसं झालेलं नसतं. आधी मराठीचं इंग्रजी होतं आणि मग त्या इंग्रजीचं गुजराती. मधला इंग्रजी टप्पा पडद्यावर दिसत नाही, म्हणून तो झाला हे आपल्या लक्षातही येत नाही.

याला 'पिव्हट' भाषांतर म्हणतात. साध्या मराठीत सांगायचं तर मधल्या भाषेमार्गे केलेलं भाषांतर. दोन भाषांमध्ये थेट भाषांतर करणारी यंत्रणा नसेल, तर दोघींनाही ओळखणारी तिसरी भाषा मध्ये घ्यायची. भारतीय भाषांच्या बाबतीत ही तिसरी भाषा बहुतेक वेळा इंग्रजी असते.

यात अर्थ नेमका कुठे हरवतो, हे समजून घ्यायला मराठी आणि गुजराती ही जोडी फार उपयोगी आहे. या दोन भाषा शेजारी आहेत आणि एकाच कुळातल्या आहेत. मराठीत असलेल्या पुष्कळ गोष्टी गुजरातीत जशाच्या तशा आहेत. म्हणजे जे हरवतं ते गुजरातीत शब्द नाही म्हणून हरवत नाही. निघताना ते होतं आणि पोहोचण्याच्या ठिकाणी त्याला जागाही होती, फक्त मधल्या स्टेशनावर ते उतरलं.

इंग्रजी मध्ये येते कशी?

आधी साधा हिशोब करू. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत 22 भाषा आहेत. त्यातल्या प्रत्येक भाषेतून इतर प्रत्येक भाषेत थेट भाषांतर करायचं, तर 22 गुणिले 21, म्हणजे 462 दिशा होतात. मराठी ते गुजराती ही एक दिशा आणि गुजराती ते मराठी ही दुसरी. पण इंग्रजी मध्ये ठेवली, तर प्रत्येक भाषेसाठी दोनच दिशा पुरतात. त्या भाषेतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून त्या भाषेत. एकूण 44. काम दहा पटींहून कमी झालं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. भाषांतराची यंत्रणा नियम पाठ करून शिकत नाही. एकाच अर्थाची दोन भाषांतली वाक्यं शेजारी ठेवून, अशा लाखो जोड्यांमधून ती शिकते. इंग्रजी आणि मराठीच्या जोड्या सापडतात, कारण सरकारी पत्रकं, बातम्या आणि उपशीर्षकं दोन्ही भाषांत निघतात. इंग्रजी आणि गुजरातीच्याही सापडतात. पण कुणी मराठी मजकूर समोर ठेवून थेट गुजरातीत उतरवला आणि तो इंटरनेटवर टाकला, असं फार कमी वेळा होतं. जोड्या नाहीत म्हणून थेट यंत्रणा नाही, आणि ती नाही म्हणून इंग्रजीचा वळसा. गूगल ट्रान्सलेटमध्ये गुजराती 2011 साली आणि मराठी 2013 साली आली. त्या काळात तिथेही बहुतेक जोड्या इंग्रजीमार्गेच चालत.

एक निरोप घेऊन जाऊ

पुण्याचं एक मराठी कुटुंब आणि वडोदऱ्याचं एक गुजराती कुटुंब यांचं लग्न ठरलंय असं समजा. मुलाचे मामा वडोदऱ्यातच राहतात. गायकवाडांच्या काळापासून तिथे मराठी घरं आहेत, तेव्हा हे काही नवल नाही. मुलाची आई मुलीच्या आईला मराठीत निरोप लिहिते आणि ॲपमधून गुजराती करून पाठवते:

"विहीणबाई, मी कालच पुण्याहून निघाले. आम्ही सगळे मामांकडे उतरलो आहोत. उद्या आपण हॉल बघायला जाऊ. जेवणाचं आत्याच बघणार आहेत, तुम्ही काही करू नका."

दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाने हे थेट गुजरातीत केलं, तर साधारण असं होईल:

"वेवाण, हुं गई काले ज पुणेथी नीकळी. अमे बधां मामाने त्यां ऊतर्यां छीए. आवती काले आपणे हॉल जोवा जईशुं. जमवानुं फोई ज संभाळशे, तमे कंई करशो नहीं."

गुजराती येत नसली तरी दोन्ही निरोप शेजारी ठेवून वाचा. विहीणला वेवाण आहे, आत्याला फोई आहे, मामा तर मामाच आहेत. आम्हीला अमे, आपणला आपणे आणि मराठीतल्या 'च'ला गुजरातीत 'ज'.

आता हाच निरोप इंग्रजीमार्गे नेला तर पुढच्यासारखा होऊ शकतो. हा कुठल्या एका ॲपचा निकाल नाही. इंग्रजी वाक्यात जेवढं उरतं, तेवढ्यावरूनच गुजराती लिहायचं ठरवलं तर काय निघेल, हे पाहण्यासाठी तो हाताने केला आहे:

"विहीनबाई, हुं गई काले पुणेथी नीकळ्यो. अमे बधा काकाना घरे रोकाया छीए. आवती काले अमे हॉल जोवा जईशुं. काकी जमवानी व्यवस्था करशे, तमे कंई करशो नहीं."

हे गुजराती म्हणून चुकीचं नाही. व्याकरण ठीक आहे, वाक्यं सरळ आहेत. त्यामुळे वडोदऱ्यात ते वाचणाऱ्या बाईंना भाषांतरात गडबड झाली अशी शंकाही येणार नाही. त्यांना फक्त वेगळाच निरोप मिळेल. कसा, ते एकेक करून पाहू.

'आपण' गेलं, 'आम्ही' उरलं

सगळ्यात मोठा घोटाळा तिसऱ्या वाक्यात आहे. "उद्या आपण हॉल बघायला जाऊ" हे आमंत्रण आहे. त्यात ऐकणारीही आहे. "उद्या आम्ही हॉल बघायला जाऊ" म्हटलं, की ती त्यातून बाहेर पडते. मराठीत हा फरक इतका अंगवळणी पडलेला असतो, की आपण तो वेगळा शिकलो हेही आठवत नाही.

गुजरातीत नेमका हाच फरक आहे. 'आपणे'मध्ये समोरचा माणूस येतो, 'अमे'मध्ये येत नाही. पण इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द, 'वी'. मराठीतून इंग्रजीत जाताना 'आम्ही' आणि 'आपण' दोघांचंही 'वी' होतं, आणि ते चूकही नाही. कारण इंग्रजीत दुसरा शब्दच नाही. पुढच्या टप्प्यात गुजराती करणाऱ्या यंत्रणेपुढे फक्त 'वी' असतं. मूळ मराठी वाक्य तिला दिसत नाही. आता 'अमे' लिहायचं की 'आपणे', हे तिला अंदाजाने ठरवावं लागतं.

अंदाज चुकला की आमंत्रणाची बातमी होते. मुलीच्या आईला वाटतं की मुलाकडची मंडळी आपल्याला न घेता हॉल बघायला निघाली. लग्नघरात एवढं पुरतं. उलट दिशेनेही असंच होतं. "हॉलचे पैसे आम्ही देऊ" याचं 'आपणे' झालं, तर एकट्याने उचललेला खर्च दोघांत वाटला जातो.

हा फरक करणाऱ्या भाषा एवढ्याच नाहीत. तेलुगूत समोरच्याला धरून 'मनम्' आणि वगळून 'मेमु' आहे. तमिळमध्येही असे दोन शब्द आहेत. म्हणून मराठी ते तेलुगू किंवा तेलुगू ते गुजराती अशा जोड्यांतही इंग्रजीमार्गे जाताना हीच अडचण येते. कन्नडमध्ये मात्र दोन्हींसाठी 'नावु' हा एकच शब्द चालतो. तिथे मराठीतून थेट भाषांतर केलं तरी हा फरक एका शब्दात येणार नाही, वेगळा सांगावा लागेल. खरी तूट आणि वाटेत झालेली गळती यांत फरक करायचा तो असा.

मामांचे काका कसे झाले?

इंग्रजीत मामा, काका, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान हे सगळे 'अंकल'. मामी, काकू, मावशी, आत्या या सगळ्या 'आंट'. मराठीतून इंग्रजीत जाताना चार नाती एका शब्दात जमा होतात. गुजरातीत शिरताना पुन्हा चारांतून एक निवडायचं असतं, पण निवडायला आधार उरलेला नसतो.

अशा वेळी यंत्रणा नाणेफेक करत नाही. तिने शिकताना पाहिलेल्या वाक्यांत 'अंकल'समोर जो शब्द जास्त वेळा आला, तो ती उचलते. म्हणून एका ॲपमध्ये चूक झाली, की तीच चूक पुनःपुन्हा होते. वरच्या निरोपात मामांचे काका झाले आणि आत्याची काकी झाली.

नात्यांचा हा गोंधळ नुसता शब्दांचा नाही. मामा म्हणजे मुलाच्या आईचं माहेर आणि काका म्हणजे वडिलांचं घर. पाहुणे कुठे उतरलेत याचा अर्थच बदलला. आत्याचा मान तर दोन्हीकडे सारखा आहे. मराठी घरात बारशाला बाळाचं नाव आत्या ठेवते, गुजराती घरात फोई ठेवते. "जेवणाचं आत्याच बघणार आहेत" हे वाचून वडोदऱ्याच्या बाईंना वाक्याचं वजन लगेच कळलं असतं. 'काकी' वाचून दुसरीच बाई डोळ्यांपुढे येईल.

'विहीणबाई'ची गत आणखी वेगळी. मुलाची सासू आणि मुलीची सासू यांचं एकमेकींशी जे नातं, त्याला इंग्रजीत एक शब्दच नाही. अशा वेळी यंत्रणा दोनांपैकी एक मार्ग घेते. एक तर शब्द तसाच ठेवते, जणू ते कुणाचं नाव आहे. किंवा 'मदर-इन-लॉ' असं जवळचं काहीतरी धरते, आणि मग गुजरातीत विहिणीची सासू होते. 'वेवाण' हा नेमका शब्द गुजरातीत तयार असूनही वापरला जात नाही.

'निघाले'चं 'नीकळ्यो'

मराठीत 'मी निघाले' म्हटलं की बोलणारी बाई आहे हे कळतं, 'मी निघालो' म्हटलं की पुरुष. गुजरातीतही 'हुं नीकळी' आणि 'हुं नीकळ्यो' असा फरक आहे. इंग्रजी क्रियापदात तो नाही. त्यामुळे इंग्रजीतून गुजराती करताना बाई की पुरुष हे पुन्हा अंदाजाने ठरतं, आणि आधार नसला की अंदाज बहुधा पुल्लिंगाकडे झुकतो. शिकवणीच्या मजकुरात पुल्लिंगी रूपं जास्त असली, की तसंच होणार.

घरच्या निरोपात यावर हसून सोडून देता येतं. पण एखाद्या बाईने स्वतःबद्दल लिहिलेली तक्रार, अर्ज किंवा डॉक्टरला सांगितलेली हकिकत पुरुषाच्या तोंडची होऊन पोहोचली, तर वाचणारा आधी गोंधळतो आणि मग कागदावर संशय घेतो.

उलट 'तुम्ही' या निरोपात नीट पोहोचलं. मराठीतल्या तू आणि तुम्हीचं इंग्रजीत 'यू' होतं आणि गुजरातीत बऱ्याचदा 'तमे' निघतं. विहिणीला 'तमे' बरोबरच आहे. पण हे अर्थ टिकला म्हणून बरोबर आलेलं नाही, अंदाज योगायोगाने जुळला म्हणून आलं. याच ॲपमधून बहिणीला 'तू ये' असं लिहिलं तर तिलाही 'तमे आवो' जाऊ शकतं, आणि मग ती विचारेल की आज एवढं परक्यासारखं का बोलतेस.

दोन्ही टप्पे बरोबर असूनही उत्तर चूक

मधल्या भाषेबद्दल नेहमी सांगितलं जातं ते असं, की दोन टप्पे म्हणजे दुप्पट चुका. ते खरं आहे. समजा प्रत्येक टप्प्यात 100 पैकी 90 वाक्यं बरोबर होतात आणि दोन्हीकडच्या चुका एकमेकींवर अवलंबून नाहीत. तर दोन टप्प्यांनंतर 81 वाक्यं बरोबर उरतील.

पण वरच्या निरोपात जे झालं ते याहून वेगळं आहे. मराठी ते इंग्रजी तपासा, चूक नाही. इंग्रजी ते गुजराती तपासा, तिथेही चूक नाही. 'वी'चं 'अमे' होऊ शकतंच आणि 'अंकल'चं 'काका'ही होऊ शकतंच. दोन्ही टप्प्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले तरी शेवटचा निरोप चुकला. म्हणून हे टप्पे कितीही सुधारले, तरी ही गळती थांबत नाही. मधली भाषा जे विचारतच नाही, ते पलीकडे पोहोचण्याचा रस्ताच नसतो.

नावांचं काय होतं?

मधल्या टप्प्यात लिपीही बदलते. रोमन लिपीत ट आणि त, ठ आणि थ, ळ आणि ल, ण आणि न यांना वेगळी अक्षरं नाहीत. गुजराती लिपीत ती सगळी आहेत. म्हणजे इथेही दोन्ही टोकांना जागा आहे, फक्त मध्ये नाही.

'काळे' हे आडनाव घ्या. रोमन लिपीत गेलं की ळचा ल होतो आणि गुजरातीत उतरताना 'काले' होऊ शकतं. गुजरातीत 'काले' म्हणजे काल किंवा उद्या. आता "काळे येणार आहेत" हे वाक्य "काले आवशे" असं पोहोचलं, तर गुजराती माणूस ते "उद्या येतील" असं वाचेल. 'साठे'चं 'साथे' झालं तर त्याचा अर्थ होतो 'सोबत'. दोन्ही शब्द गुजरातीत रोजचे आहेत, म्हणून इथे आडनाव होतं हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही.

ॲप इंग्रजीमार्गे जातंय हे कसं ओळखायचं?

यासाठी समोरची भाषा यायची गरज नाही. एका शब्दाचाच फरक असलेली दोन वाक्यं घ्यायची आणि दोन्हींचं भाषांतर पाहायचं.

- "आम्ही उद्या जाणार आहोत" आणि "आपण उद्या जाणार आहोत"
- "मामा आले" आणि "काका आले"
- "मी निघालो" आणि "मी निघाले"
- "तू बस" आणि "तुम्ही बसा"

जोडीतल्या दोन्ही वाक्यांचं गुजराती अक्षर न् अक्षर सारखं आलं, तर तो फरक वाटेत गळला. चारही जोड्यांत असं झालं, तर मध्ये इंग्रजी आहे असं समजायला हरकत नाही. मात्र एका जोडीत उत्तरं वेगळी आली म्हणजे सगळं थेट होतंय असंही नाही. प्रत्येक फरक वेगळा तपासावा लागतो.

दुसरी खूण सुट्या शब्दांत सापडते. 'उजवा' या शब्दाचं गुजराती 'जमणो'ऐवजी 'साचुं' आलं, तर समजा की मध्ये 'राइट' होतं. कारण उजवा आणि बरोबर या दोन अर्थांना एकच शब्द असणं ही इंग्रजीची खोड आहे, मराठीची नाही. 'हलकं' या शब्दाचं 'प्रकाश' आलं, तर मध्ये 'लाइट' होतं. ॲपची बटणं, दुकानांच्या पाट्या, वस्तूंच्या याद्या यांत अशी विचित्र भाषांतरं जास्त दिसतात, कारण तिथे अर्थ सावरायला आजूबाजूला वाक्य नसतं.

एक तपासणी मात्र फसवी आहे. आलेलं गुजराती पुन्हा मराठीत करून पाहायची पद्धत अनेक जण वापरतात. पण परतीचा प्रवासही त्याच इंग्रजीतून होतो. 'आपण'चं 'वी', त्याचं 'अमे', पुन्हा 'वी' आणि शेवटी नशिबाने 'आपण'. तुम्हाला तुमचं मूळ वाक्य परत मिळतं आणि सगळं ठीक वाटतं. पलीकडच्या माणसाने वाचलेलं 'अमे' तुम्हाला दिसतच नाही.

मग हिंदी मध्ये घेतली तर?

मराठी आणि गुजरातीमध्ये हिंदी ठेवली तर पुष्कळ काही वाचतं. मामा, चाचा, मौसी, बुआ ही नाती वेगळी राहतात, निकला आणि निकली हा फरक राहतो, तू, तुम आणि आप राहतात. 'च'साठी 'ही' मिळतं. विहिणीला समधन आहे.

तरी सगळं वाचत नाही. हिंदीतही 'हम' एकच आहे, त्यामुळे आम्ही आणि आपण यांचा गोंधळ तसाच राहतो. शिवाय एक नवी अडचण येते. मराठीत काल आणि उद्या हे वेगळे शब्द आहेत, हिंदीत दोन्हींना 'कल'. क्रियापद असलं तर काळ कळतो, पण "कालची मीटिंग" आणि "उद्याची मीटिंग" दोन्ही "कल की मीटिंग" होतात. इथे इंग्रजी बरी, कारण तिच्यात हे दोन शब्द वेगळे आहेत. म्हणजे प्रत्येक मधल्या भाषेची चाळणी वेगळी. दोन्ही टोकांच्या भाषांशी जिचं व्याकरण जास्त जुळतं, तिची भोकं बारीक.

ॲपमध्ये आधी मराठीचं हिंदी आणि मग हिंदीचं गुजराती करून घेण्याने फायदा होईलच असं नाही, कारण ते दोन्ही टप्पेही आतून इंग्रजीमार्गे चालत असू शकतात. वरच्या वाक्यजोड्या तिथेही लावून पाहाव्या लागतात.

थेट रस्ते आहेत का?

आहेत आणि काही जुने आहेत. मराठी, तेलुगू, कन्नड, बंगाली आणि पंजाबीतून थेट हिंदीत नेणारा 'अनुसारक' हा प्रकल्प भारतीय भाषांचं व्याकरण एकमेकींशी जुळतं या पायावर उभा होता. पुढे 'संपर्क' या यंत्रणेनेही भारतीय भाषांच्या काही जोड्यांमध्ये इंग्रजी टाळून थेट भाषांतर केलं.

अलीकडचा मार्ग वेगळा आहे. अनेक भाषा एकाच यंत्रणेला एकत्र शिकवायच्या आणि कोणत्या भाषेत उत्तर हवं ते तिला सांगायचं. 2016 साली गूगलच्या संशोधकांनी दाखवलं, की अशी यंत्रणा जिची एकही जोडी पाहिलेली नाही अशा दोन भाषांमध्येही भाषांतर करू शकते. 2020 साली फेसबुकने 100 भाषांमध्ये इंग्रजीवर न टेकता भाषांतर करणारी यंत्रणा खुली केली. आयआयटी मद्रासच्या 'एआय फोर भारत' गटाची 2023 सालची 'इंडिकट्रान्स2' आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या 22 भाषा हाताळते.

पण थेट यंत्रणेतही इंग्रजी मागच्या दाराने येऊ शकते. याच गटाने 2021 साली 'समानांतर' नावाचा वाक्यसंग्रह खुला केला. त्यात भारतीय भाषांच्या आपापसांतल्या 55 जोड्यांची 8 कोटी 34 लाख वाक्यं आहेत. ती मिळवली कशी? एकाच इंग्रजी वाक्याचं मराठी आणि त्याच वाक्याचं गुजराती शोधून, दोन्ही शेजारी ठेवून. इतक्या मोठ्या प्रमाणावर थेट जोड्या मिळवायचा दुसरा व्यवहार्य मार्ग नव्हता. मात्र अशा जोडीत 'वी'चं मराठी करणाऱ्याने 'आम्ही' लिहिलेलं असू शकतं आणि गुजराती करणाऱ्याने 'आपणे', कारण दोघांनी एकमेकांचं लिखाण पाहिलेलं नसतं. यंत्रणा त्यावरून शिकली, तर आम्ही आणि आपणे एकच अशी तिची समजूत होते. ही गळती भरून काढायला मराठी मजकूर समोर ठेवून माणसांनी थेट गुजरातीत केलेली वाक्यंच लागतात.

तोपर्यंत निरोप कसा लिहावा?

गाडीची वेळ, पत्ता, किंमत, हवामान अशी माहिती इंग्रजीमार्गेही बहुतेक नीट पोहोचते. सांभाळायचं ते माणसामाणसांतलं बोलणं. तिथे इंग्रजी जे विचारत नाही, ते आपणच शब्दांत सांगून टाकायचं.

"उद्या आपण जाऊ" याऐवजी "उद्या तुम्ही आणि आम्ही मिळून जाऊ" असं लिहावं. "चला, जाऊ या" हेही चालतं, कारण इंग्रजीत 'लेट्स' आहे आणि त्यात समोरचा माणूस येतो. मामा न लिहिता "मुलाच्या आईचा भाऊ" आणि आत्या न लिहिता "मुलाच्या वडिलांची बहीण" असं लिहिलं तर नातं टिकतं. वाक्य जरा अवघडल्यासारखं होतं, पण चुकत नाही. आडनावाआधी 'श्री' किंवा 'श्रीमती' लावलं, तर काळे आणि साठे ही माणसंच राहण्याची शक्यता वाढते. आणि ॲपमध्ये आधी फक्त इंग्रजी भाषांतर काढून पाहावं. मामा नुसते 'अंकल' झालेले दिसले, तर ते नातं गुजरातीत पोहोचणार नाही. तेवढं वाक्य बदलून मग पाठवावं.